पुतळ्याच्या फोटोवर साडी नेसवण्यासाठी 80,000 चा लॅपटॉप घ्यावा का?

प्रश्न: माझं शिवलेल्या नऊवारीचं दुकान आहे. शोकेसमध्ये दोन पुतळे आहेत आणि वर्षातल्या पाच सणांना त्यांचा पोशाख बदलते. नमुना शिवायला 3,500 रुपये पडतात. वर्षाला सहाएक नमुने पुतळ्यावर चढवल्यावर पसंत पडत नाहीत, ते नंतर 2,000 ला विकते. भाचा म्हणतो, पुतळ्याच्या फोटोवरच साडी नेसवून आधी बघायची. त्यासाठी 80,000 चा लॅपटॉप 16 टक्क्यांनी 24 हप्त्यांत घेऊ, की बाहेरून 400 रुपयांना एक फोटो करून घेऊ?

उत्तर: ताई, कल्पना चांगली आहे, पण तुम्ही विचारलेल्या दोन्ही वाटा मला महाग वाटतात.

फसलेला नमुना 2,000 ला जातो, म्हणजे खरं नुकसान प्रत्येकी 1,500, वर्षाला 9,000. लॅपटॉपचा हप्ता साधारण 3,917 येईल आणि दोन वर्षांत 94,000 च्या आसपास भराल. सगळं नुकसान वाचलं तरी ते पैसे सुटायला दहा वर्षं लागतील. तोवर लॅपटॉपच टिकणार नाही. बाहेरच्या फोटोंचंही तसंच. एका सणाला सहा पर्याय पाहिले तर वर्षाचे 30 फोटो, 12,000 रुपये. वाचवायचे 9,000 आणि खर्च 12,000.

शिवाय ते 9,000 सगळे वाचणारही नाहीत. फोटोवर रंग, काठ आणि ब्लाउजची जोडी कळते. कापडाचं वजन, कासोट्याची बसण आणि जरीची झळाळी कळत नाही. गेल्या वर्षीचे सहा नमुने आठवून लिहा, कोणता कशामुळे नापसंत झाला. समजा चार रंगसंगतीमुळे फसले, तर वाचणारी रक्कम 6,000. तुमचं बजेट त्याच्या आतच बसायला हवं.

म्हणून सुटे फोटो न घेता थर सुटे ठेवलेली मूळ फाइल एकदाच करून घ्या. पुतळ्याला कोऱ्या पांढऱ्या कापडाची नऊवारी नीट निऱ्या घालून नेसवायची. शोकेसच्या काचेचं प्रतिबिंब येऊ नये म्हणून तो बाहेर काढून, पसरट उजेडात, स्टँडवरून फोटो घ्यायचा. शेजारी शिलाईची टेप लटकवा, म्हणजे दोन इंची काठ फोटोतही दोन इंचीच राहील. मग फाइल करणारा माणूस पदर, अंग, निऱ्या, कासोटा आणि ब्लाउज वेगवेगळे कापून घेतो, त्यात कापडाचा फोटो भरतो आणि पांढऱ्या कापडाच्या सावल्या Multiply पद्धतीने वर ठेवतो. त्या सावल्यांमुळेच नव्या कापडाला चुण्या पडल्यासारख्या दिसतात.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी तपासा. काठ प्रत्येक निरीवर वळला पाहिजे. तो सरळ पट्टीसारखा गेला, तर कापड नुसतं चिकटवलंय. दुसरी कसोटी संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेची. Multiply फक्त गडद करतं, त्यामुळे काळ्यावर निऱ्या बुडून जातात. तिथे उजेडाचा वेगळा थर लागतो, तो आत्ताच मागून घ्या. धूपछाव पैठणीसाठी मात्र या फाइलवर विसंबू नका. उभा आणि आडवा धागा वेगळ्या रंगाचा असतो, एका रंगात तिचं रूप दिसत नाही. तिचा नमुना हातात घेऊनच ठरवा.

अशा फाइलचे 2,500 आणि पुढच्या प्रत्येक बदलाचे 100, असा भाव मागून पाहा. पहिल्या वर्षी 5,500 होतील, म्हणजे जेमतेम बरोबरी. दुसऱ्या वर्षापासून 3,000 खर्च आणि 3,000 बचत. थर सुटे असलेली ही मूळ फाइल, म्हणजे PSD, तुमच्या ताब्यात राहील असं आधीच लिहून घ्या, नाहीतर प्रत्येक रंगासाठी त्याच माणसाकडे जावं लागेल. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट असेल तर भाच्याला ती ब्राउझरमधल्या Photopea मध्ये उघडता येईल, ते फुकट चालतं. रंग बदलायला तो शिकला तर वर्षाचे ते 3,000 ही वाचतील. लॅपटॉपचं कर्ज मात्र या कामासाठी काढू नका.

मोकळे होणारे पैसे सणाआधीच्या कापडखरेदीत घाला. सहा नमुन्यांत आज 21,000 रुपये अडकतात आणि विक्रीची खरी वेळ तीच असते.

हे फोटो तुमच्या निवडीपुरते ठेवा. ऑनलाइन विक्रीला लावायचे असतील तर शिवून झालेल्या साडीचाच फोटो घ्या. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीतलं रूप प्रत्यक्ष मालाशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर साडी परत येईल आणि जाण्यायेण्याचा खर्च तुमच्याच अंगावर पडेल.