पोत्यावर एक, पानावर दुसरं

प्रश्न : नाशिकला आमचं कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं दुकान आहे आणि स्वतःची वेबसाइटही. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने साडेतीन महिन्यांच्या लॅब्रॅडॉर पिल्लासाठी पपी फूडची एक-एक किलोची चार पाकिटं मागवली. पिल्लाला जुलाब झाले, पुढे तीन आठवड्यांनी ते लंगडायला लागलं. आता वकिलाची नोटीस आली आहे : दवाखान्याचे 14,600 रुपये आणि मानसिक त्रासाचे दोन लाख. पोत्यावर ‘लहान व मध्यम जाती’ छापलंय, आमच्या पानावर ‘सर्व जाती’ पडलंय. तक्ता पोत्यावरचाच आहे, थोडा सोपा केलेला. पाकिटं आम्ही वीस किलोच्या पोत्यातून भरतो. एफएसएसएआय नंबर नाही, असंही नोटिशीत म्हटलंय. खाद्य कंपनीचं, मग जबाबदार आम्ही कसे?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला पोत्याचा फोटो आणि तुमच्या पानाचा स्क्रीनशॉट शेजारी ठेवून दोनदा पाहिले. पोत्यावरच्या तक्त्यात पाच, दहा, पंधरा, वीस आणि पंचवीस किलो अशा पाचच ओळी आहेत. तुमच्या पानावर सहावी आहे : ‘30 किलो – 310 ग्रॅम’. ही ओळ कंपनीची नाही. पंचवीस किलोपर्यंतचा चढ बघून कुणीतरी अंदाजाने पुढची ओळ भरली आहे. पोत्यावर शीर्षक आहे ‘मोठेपणीचं अपेक्षित वजन’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘ग्रॅम प्रतिदिन, दोन-तीन वेळांत विभागून’. तुमच्या पानावर नुसतं ‘वजन’ आणि नुसतं ‘ग्रॅम’ उरलंय. सोपं करताना नेमकं तेच गळलं, ज्याच्यावर सगळा तक्ता उभा होता.

म्हणून ‘खाद्य कंपनीचं’ हा बचाव अर्धाच चालेल. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधलं कलम 86 विक्रेत्याची जबाबदारी कधी येते ते सांगतं. त्यातली एक अट अशी की उत्पादकाने दिलेल्या हमीपेक्षा वेगळी, स्वतःची अशी स्पष्ट हमी विक्रेत्याने दिली, आणि माल त्या हमीला उतरला नाही. ‘सर्व जाती’ आणि ती सहावी ओळ म्हणजे तुमची स्वतःची हमी. कंपनीने पोत्यावर उलट मर्यादा घातली होती, ती तुम्ही उठवलीत. वर जाहिरातीतलं वर्णन मालाशी जुळत नाही, म्हणून ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ हाही मुद्दा जोडला जाईल, आणि त्याला प्रयोगशाळेची गरज नाही. दोन फोटो पुरतात.

गिऱ्हाइकाची ऑर्डर 3 तारखेला पोचली आणि 8 तारखेला त्याने पुन्हा चार किलो मागवलं, हे तुमच्याच रजिस्टरमधून दिसतं. दिवसाला 310 ग्रॅमने चार किलो जवळपास तेरा दिवस जायला हवं होतं. पाच दिवसांत संपलं याचा अर्थ त्याने 310 ग्रॅम तीन वेळा, म्हणजे दिवसाला 930 ग्रॅम घातलं. गिऱ्हाइकाने मालाचा गैरवापर केला तर कलम 87 विक्रेत्याला वाचवतं, आणि तुमचा मुलगा म्हणतो तसं हा गैरवापरच आहे, हे मला पटत नाही. ‘प्रतिदिन’ हा शब्द तुम्हीच काढलात. पिल्लांना तीन वेळा खायला घालतात हे त्याला माहीत होतं, त्याने तुमचा आकडा प्रामाणिकपणे तीनदा वापरला. जुलाबांच्या बाबतीत तुमची बाजू कच्ची आहे.

लंगडण्याचं मात्र वेगळं. मोठ्या जातीच्या पिल्लांचं खाद्य वेगळं असतं, कारण त्यांच्या हाडांना जादा कॅल्शियम आणि जादा उष्मांक सोसत नाहीत. पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या कोष्टकात पिल्लांच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या 2.5 टक्के कॅल्शियमपर्यंत मुभा आहे, पण मोठेपणी 70 पौंडांवर, म्हणजे साधारण 32 किलोंवर जाणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी ती 1.8 टक्क्यांवर आणलेली आहे. तुमच्या पोत्यावर कॅल्शियम ‘किमान’ किती एवढंच छापलंय, ‘कमाल’ नाही. त्यामुळे या खाद्यात ते जादा होतं की नाही, हे तपासणीशिवाय कुणालाच म्हणता येणार नाही. वाढत्या वयातले लॅब्रॅडॉर इतर कारणांनीही लंगडतात. तीन आठवड्यांत खाद्यामुळेच पाय गेला हे गिऱ्हाइकाला डॉक्टरांच्या कागदांनी सिद्ध करावं लागेल, आणि नोटिशीसोबतच्या केसपेपरवर क्ष-किरणाचा उल्लेखच नाही.

उत्तरात या दोन गोष्टी मिसळू नका. आपले हक्क राखून, मालाची किंमत आणि जुलाबांच्या उपचाराची बिलं देण्याची तयारी दाखवा. लंगडण्याचा दावा स्पष्ट नाकारा आणि क्ष-किरणाचा अहवाल मागा. कायद्याच्या नजरेत कुत्रा ही मालमत्ता आहे, आणि मालमत्तेच्या हानीतून आलेला मानसिक त्रास ‘हानी’च्या व्याख्येत बसतो, त्यामुळे ती मागणी हसण्यावारी नेऊ नका. दोन लाखांचा आकडा त्याच्या वकिलाचा, ग्राहक आयोगाचा नाही. तक्रार तो पुण्यातच दाखल करू शकतो. तिथल्या आयोगाची नोटीस आली की लेखी उत्तराला तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे मुदत मिळत नाही.

आणि हो, पान आज दुरुस्त करायच्या आधी आहे तसं जपून ठेवा. माझ्या एका अशिलाने नोटीस आल्याच्या रात्रीच पान उडवलं होतं. समोरच्याकडे स्क्रीनशॉट होताच, आमच्याकडे मात्र दाखवायला काही उरलं नाही.

एफएसएसएआयचा मुद्दा पोकळ आहे. अन्न सुरक्षा कायदा, 2006 माणसाच्या खाण्यासाठी आहे, त्याच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. उगाच कुठला तरी नंबर छापू नका, ती नवी दिशाभूल ठरेल.

मला खरी काळजी त्या एक किलोच्या पाकिटांची वाटते, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत. पोतं फोडून तोललेली पाकिटं तयार ठेवलीत की वजन-मापांच्या, म्हणजे वैधमापनशास्त्राच्या, 2011 च्या नियमांनुसार तुम्ही ‘पॅकर’ झालात. पॅकिंग सुरू केल्यापासून 90 दिवसांत नियम 27 खाली नोंदणी लागते. पाकिटावर उत्पादकाचं आणि तुमचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. तुमच्या फोटोतल्या पाकिटावर मार्करने ‘पपी 1 kg’ एवढंच आहे. गिऱ्हाइकाच्या हातात पोतं कधी गेलंच नाही, म्हणजे ‘लहान व मध्यम जाती’ ही सूचना त्याला दिसण्याचा एकच रस्ता होता, तुमचं पान, आणि तिथे ती उलटी होती. नोंदणी होईपर्यंत सुटी पाकिटं बंद ठेवा आणि कंपनीचाच लहान पॅक विका.

पानावर पुढे एकच शिस्त पाळा. वयोगट, जातीचा आकार, घटक आणि खाऊ घालण्याचं प्रमाण या चारही रकान्यांत पोत्यावरचं वाक्य जसंच्या तसं टाका आणि मागच्या बाजूचा फोटो लावा. घटकांचा क्रमही बदलू नका. ‘मका, कोंबडीचं पीठ’ असं असताना कोंबडी पुढे आणणं हीसुद्धा दिशाभूलच. माहिती नसेल तिथे रकाना रिकामा राहू द्या. तुमच्या वेबसाइटच्या साच्यात जातीचा रकाना मोकळा सोडला की आपोआप ‘सर्व जाती’ पडतं, असं तुम्हीच लिहिलंय. ते आधी बंद करून घ्या. आयात मालावर मूळ देश आणि आयातदाराचं नाव, शिवाय वापराची अंतिम तारीख पानावर हवी. पट्टे आणि हार्नेसला एवढा व्याप नाही, पण ‘मीडियम’ लिहून थांबू नका, मानेचा आणि छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये द्या.

तुमच्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमधल्या बिस्किटांवर ‘सांधेदुखी बरी करते’ असं लिहिलंय, ते आजच काढा. औषधांच्या कायद्यात जनावरांची औषधंही येतात, आणि त्या वाक्याने बिस्किट औषधाच्या रांगेत जाऊन बसतं.