पाहुण्यांना ताटाची डावी बाजू आधी समजावा

स्टुटगार्टहून एका मैत्रिणीनं विचारलंय : "माझे जर्मन सासूसासरे पहिल्यांदाच पुण्याला माहेरी येताहेत. आईला म्हटलंय, कमी तिखट कर. तेवढं पुरेल का?"

नाही पुरणार. आपलं 'कमी तिखट' म्हणजे चार मिरच्यांच्या जागी दोन, आणि ज्यानं मिरची कधी खाल्लीच नाही त्याला त्या दोनही जड जातात. आईला नेमकं सांगा : फोडणीत मिरची नको, आमटीत लाल तिखट नको. तिखट काय असेल ते ताटात डावीकडे. आपलं ताट मुळात तसंच वाढलेलं असतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी. पण डावीकडचं बोटाच्या टोकानं खायचं हे पाहुण्यांना कुठून कळणार?

आमच्याकडे एकदा एका पाहुण्यांनी हिरवागार ठेचा पालेभाजी समजून भाकरीबरोबर चमचाभर खाल्ला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. आम्ही घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला, तर आग आणखीच पसरली. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, दूध-दह्यानं उतरतो. तेव्हापासून पाहुण्यांच्या ताटात दह्याची वाटी आधी, बाकी सगळं नंतर.

बेत साधाच ठेवा. वरण-भात, तूप, लिंबू. बिनमिरचीची बटाट्याची पिवळी भाजी, पुरी, श्रीखंड. चिंचगुळाची आमटीही आवडते बहुतेकांना. पण तिकिटं काढण्याआधीच शेंगदाणे आणि तीळ चालतात का, हे जरूर विचारा. दाण्याचं कूट आपल्या हाताला इतकं सवयीचं आहे की कोशिंबिरीत ते घातलंय हे आईला सांगायचंही सुचणार नाही. गोड्या मसाल्यात तीळ असतात. दाण्याची ॲलर्जी असेल तर घाण्याचं शेंगदाणा तेलही बंद, आणि ज्या भांड्यात कूट केलं त्यात त्यांची चटणी वाटायची नाही.

खरी पंचाईत होते ती आग्रहाची. ताटात उरलं तर यजमानांना वाईट वाटेल म्हणून पाहुणे ताट चाटूनपुसून संपवतात, आणि रिकामं ताट दिसलं की आई पुन्हा वाढते. सासूबाईंना सांगून ठेवा : नको असेल तर ताटावर आडवा हात धरायचा आणि 'पुरे' म्हणायचं. आईलाही सांगा, एकदाच विचार. जेवायला उजवा हात, पण शेजारी चमचा असू दे.

बाहेर न्याल तर पाणीपुरी आणि बर्फाचं सरबत टाळा, तिथे भीती पाण्याची असते. कढईतून नुकताच निघालेला वडा बिनचटणीचा चालेल. मिसळ खायचीच म्हणाले, तर कट वेगळ्या वाटीत मागवा आणि सासऱ्यांना आधी चमच्याच्या टोकावर थेंबभर चाखू द्या.