एमएमएसआय नंबरचे पहिले तीन आकडे बघून जहाजाचा देश कसा ओळखायचा?

प्रश्न: माझा भाचा मर्चंट नेव्हीत आहे. कंपनी ग्रीसची आहे असं तो सांगतो पण ट्रॅकिंग ॲपमध्ये त्याच्या जहाजाचा एमएमएसआय ५३८ ने सुरू होतो आणि झेंडा मार्शल आयलंड्सचा दाखवतात. पहिल्या तीन आकड्यांवरून देश कळतो म्हणतात, ते कसं बघायचं आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा?

उत्तर:

दोन्ही बरोबर आहे, भाच्याचंही आणि ॲपचंही. ५३८ हा मार्शल आयलंड्सचाच कोड आहे आणि ग्रीक मालकांची ढीगभर जहाजं त्या झेंड्याखाली चालतात. कंपनी कुठली आणि जहाज नोंदवलंय कुठे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे तीन आकडे फक्त दुसरी गोष्ट सांगतात. गंमत म्हणजे त्या रजिस्ट्रीचा कारभार बेटांवरून चालतच नाही, तो अमेरिकेत व्हर्जिनियातून चालतो.

मी डेकवर सेकंड ऑफिसर म्हणून काम केलंय आणि ब्रिजवरची रेडिओची मशिनरी माझ्याकडेच असायची, त्यामुळे हा नंबर रोज डोळ्यासमोर. त्याची रचना सोपी आहे. जहाजाचा एमएमएसआय, म्हणजे त्याच्या रेडिओ यंत्रणेचा ओळख क्रमांक, नऊ आकडी असतो, त्यातले पहिले तीन म्हणजे एमआयडी, हे आयटीयू ही संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था देशांना वाटून देते, आणि पुढचे सहा आकडे तो देश आपल्या जहाजांना आपल्या मर्जीने देतो. एमआयडीचा पहिला आकडा विभाग सांगतो: २ युरोप, ३ उत्तर अमेरिका आणि कॅरिबियन, ४ आशिया, ५ ओशनिया, ६ आफ्रिका, ७ दक्षिण अमेरिका. फक्त एक लक्षात ठेवा की आग्नेय आशिया ४ मध्ये नाही, ५ मध्ये आहे, म्हणून सिंगापूरचा ५६३ किंवा इंडोनेशियाचा ५२५ बघून लोक गोंधळतात. भारताचा ४१९, श्रीलंकेचा ४१७, पाकिस्तानचा ४६३. पूर्ण तक्ता आयटीयूच्या साइटवर फुकट मिळतो, पाठ करायची काही गरज नाही.

आता एक खरं जहाज घेऊन बघू, सगळ्यांना माहीत असलेलं. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात आडवं अडकलेलं एव्हर गिव्हन. त्याचा तेव्हाचा एमएमएसआय ३५३१३६०००. पहिला आकडा ३ म्हणजे उत्तर अमेरिका-कॅरिबियनचा पट्टा, तक्त्यात ३५३ बघितलं की पनामा. आणि जहाजाची बाकी कुंडली बघा: मालक जपानी, चालवणारी कंपनी तैवानची, मॅनेजमेंट जर्मन कंपनीकडे, आणि वरचे २५ च्या २५ खलाशी आपले भारतीय. या सगळ्यात पनामाचा माणूस एकही नाही, तरी अपघाताची फ्लॅग स्टेट म्हणून चौकशी पनामाच्या सागरी प्राधिकरणाने केली. तीन आकडे तुम्हाला जो देश सांगतात तो हा, जहाज ज्याच्या कायद्याखाली येतं तो.

त्या नंबरच्या शेवटी तीन शून्यं का, असं वाटलं असेल तर सांगतो. जुन्या इनमारसॅट सॅटेलाइट फोनच्या नंबरिंगमुळे जगभर फिरणाऱ्या जहाजांना शेवटी तीन शून्यं असलेला नंबर द्यायची पद्धत होती. म्हणजे एमआयडीनंतर खरे वापरायला तीनच आकडे उरायचे, एका एमआयडीत जेमतेम हजार जहाजं. पनामासारख्या देशाला ते कसे पुरणार, म्हणून त्यांच्याकडे ३५१ ते ३५७ आणि ३७० ते ३७४ असे बारा कोड आहेत. नंतर ही अट सैल झाली. त्यामुळे एका देशाचे अनेक कोड असू शकतात, पण एक कोड दोन देशांचा कधी नसतो, उलटं शोधताना हे कामाला येतं.

आता विश्वासाचा प्रश्न, खरी मेख इथे आहे. एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र, जहाजावरून जे सिग्नल सोडतं त्यात झेंड्याचा देश म्हणून वेगळी जागाच नाही. दर सहा मिनिटांनी जो माहितीचा मेसेज जातो त्यात जहाजाचं नाव, कॉल साइन, आयएमओ नंबर, लांबी-रुंदी, ड्राफ्ट, पुढचं बंदर असं सगळं असतं, झेंडा नसतो. मग ॲपमध्ये तो छोटा झेंडा कुठून येतो? बहुतेक वेळा त्याच पहिल्या तीन आकड्यांवरून. म्हणजे तुम्ही ५३८ तक्त्यात बघितलंत आणि ॲपच्या झेंड्याशी जुळलं म्हणून खात्री झाली असं समजलात तर ती खात्रीच नाही, एकच गोष्ट दोनदा बघितली एवढंच.

खरी पडताळणी करायची तर दुसऱ्या दोन गोष्टी घ्या. पहिली कॉल साइन. तिची सुरुवातीची अक्षरंही देशांना वाटून दिलेली आहेत, मार्शल आयलंड्सची V7, सिंगापूरची 9V, पनामाची 3E, 3F, H3, HO, HP वगैरे, भारताची AT ते AW, VT ते VW आणि 8T ते 8Y. एव्हर गिव्हनची H3RC होती, म्हणजे पनामाच, जुळलं. तुमच्या भाच्याच्या जहाजाची कॉल साइन V7 ने सुरू होत असेल तर बरंचसं काम झालं. दुसरी गोष्ट आयएमओ नंबर, हा सात आकडी असतो आणि जहाज बांधल्यापासून भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. एमएमएसआय म्हणजे गाडीची एमएच ०८ वाली नंबर प्लेट समजा आणि आयएमओ म्हणजे चासी नंबर. हा आयएमओ नंबर इक्वासिस या जहाजांच्या माहितीच्या साइटवर किंवा आयएमओ या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या जिसिस साइटवर टाकला (दोन्हीकडे फुकट रजिस्टर करावं लागतं) की सध्याचा झेंडा दिसतो, आणि तो एआयएसवरून काढलेला नसतो, रेकॉर्डवरून असतो. आयटीयूचीसुद्धा MARS नावाची शोधायची सोय आहे, तिथे एमएमएसआय किंवा कॉल साइन टाकता येते.

जुळलं नाही तर काय समजायचं? सगळ्यात साधं कारण म्हणजे झेंडा नुकताच बदललाय. जहाज विकताना किंवा एरवी दुसऱ्या देशाची रजिस्ट्री घेतली की एमआयडी बदलतो, म्हणजे अख्खा एमएमएसआयच नवीन. हे वाटतं तेवढं एका बटणाचं काम नाही. एआयएस, व्हीएचएफ आणि एमएफ-एचएफ रेडिओ आणि ईपर्ब हा आणीबाणीचा बीकन, सगळीकडे नवीन नंबर प्रोग्राम करावा लागतो, आणि बऱ्याच सेटमध्ये एकदा घातलेला नंबर जहाजावरच्या माणसाला बदलता येत नाही, पासवर्ड असतो, म्हणून किनाऱ्यावरून टेक्निशियन बोलवावा लागतो. अँकरेजवर बोट येईपर्यंत एक सेट नवीन नंबर सांगतोय आणि दुसरा जुना असं मी स्वतः बघितलंय. अशा मधल्या काळात ॲपमध्ये एकच जहाज दोन वेगळ्या नोंदींत दिसू शकतं, जुनी नोंद एका जागी थिजलेली आणि नवीन चालू. आयएमओ नंबर दोन्हीकडे तोच असेल तर उलगडा होतो.

ईपर्बचं मुद्दाम लिहितो कारण तिथे हे आकडे नुसते ओळखीचे नाहीत. जहाज बुडताना जो बीकन सॅटेलाइटला सिग्नल देतो त्याच्या आत देशाचा कोड म्हणून हाच एमआयडी घातलेला असतो. सिग्नल आला की नोंद कोणत्या देशाकडे शोधायची, मालकाचा आणीबाणीचा फोन नंबर कुठे मिळेल हे त्या तीन आकड्यांवरून ठरतं. झेंडा बदलल्यावर बीकन जुन्याच कोडवर राहिला तर पहिली विचारणा अशा देशाकडे जाते ज्याने ते जहाज यादीतून काढून टाकलंय.

दुसरं कारण खोटेपणा. एमएमएसआय कोणीतरी सेटमध्ये टाइप केलेला असतो, हवेत तो तसाच जातो, मध्ये कोणी तपासत नाही. निर्बंधातलं तेल वाहणारे जे जुने टँकर आहेत त्यांच्यात हे चालतं, रजिस्ट्रीने नाव काढून टाकलं तरी जुना नंबर सोडत राहायचं, किंवा ज्या देशाने कधी नोंदच केली नाही त्याचा एमआयडी लावायचा. अशा जहाजांच्या नोंदीत देशाच्या नावापुढे False असा शेरा दिसू शकतो. पण विचित्र देश दिसला म्हणजे लगेच खोटं असंही नाही हं. ४५७ म्हणजे मंगोलिया, त्यांना समुद्रच नाही, तरी जहाजांची खरी रजिस्ट्री आहे.

आणि हे सगळं नंबर जहाजाचा असेल तरच. २ ते ७ सोडून दुसऱ्या आकड्याने सुरू होत असेल तर पहिले तीन आकडे देश नसतात. ०० ने सुरू झाला तर किनाऱ्यावरचं स्टेशन, एमआयडी त्या दोन शून्यांनंतर. ९९ म्हणजे पाण्यात तरंगणारा खुणेचा बोया किंवा दीपस्तंभ, ९८ म्हणजे मोठ्या जहाजाची छोटी बोट, या दोघांतही एमआयडी तिसऱ्या आकड्यापासून. १११ म्हणजे शोध-बचावाचं विमान किंवा हेलिकॉप्टर, तिथे चौथ्यापासून. ९७० म्हणजे लाइफराफ्टमधला सार्ट हा शोध-बचावाचा बीकन, त्यात देश शोधायचाच नाही. शिवाय मासेमारीच्या जाळ्यांवर स्वस्तातले एआयएस बीकन लावतात, त्यांचे नंबर कसेही असतात, नावात बॅटरीचे टक्के किंवा व्होल्ट दिसले की ते जहाज नाही हे ओळखा.

कोणी एक्सेलमध्ये यादी करत असेल तर तिथे वेगळीच भानगड होते, एक्सेल सुरुवातीची शून्यं खातं. मग ००४१९ ने सुरू होणारं भारताचं किनारी स्टेशन सात आकडी होऊन ४१९ ने सुरू होतं आणि भारतीय जहाज असल्यासारखं दिसतं. म्हणून आधी नऊ आकडे भरून मग तीन काढायचे:

```
=LEFT(TEXT(A2,"000000000"),3)
```

असं केलं की उत्तर 004 येतं आणि कळतं की हे जहाज नाही.

तुमच्यासाठी एवढंच करा, भाच्याला आयएमओ नंबर विचारून घ्या आणि तोच जपून ठेवा, कारण जहाजाचं नाव, झेंडा, एमएमएसआय तिन्ही एका व्यवहारात बदलू शकतात आणि मग ॲपमध्ये जुन्या नंबरवर शोधत बसलात तर जहाज गायब झालंय असं वाटून उगाच घरात काळजी. त्याच्या नोकरीच्या कराराच्या कागदांतही झेंडा कोणता लिहिलाय ते एकदा बघायला सांगा, पगाराची किंवा इतर काही तक्रार वरच्या पातळीवर न्यायची वेळ आली तर ग्रीसच्या ऑफिसइतकंच मार्शल आयलंड्सच्या रजिस्ट्रीचंही दार त्याला उघडं असतं.