एकच साइट रडतेय? आधी रात्रीचा आणि पहाटेचा स्पीड बघ

अरे, एकाच साइटवरून डाउनलोड हळू होतंय म्हणून राउटर बदलू नकोस, बाकी सगळं पळतंय म्हणजे लाइन ठीक आहे. आमच्याकडे बडोद्यात माझंही हेच झालेलं, जर्मनीतल्या एका सर्व्हरवरून रात्री ९ ला सेकंदाला २०० केबी आणि तीच फाइल पहाटे ६ ला सेकंदाला ८ एमबी, म्हणजे रात्री पीअरिंगची, दोन नेट कंपन्यांना जोडणारी लिंक भरत होती. मग रात्रीच दुसऱ्या कंपनीच्या हॉटस्पॉटवर लावली तर सुसाट, व्हीपीएननेही तसंच, कारण रस्ता बदलला.
पण तुझा स्पीड दिवसरात्र, कुठल्याही नेटवर एकाच आकड्यावर चिकटलेला असेल तर लिमिट सर्व्हरनेच लावलंय, तिथे व्हीपीएनवर पैसे घालवू नकोस. साइट सीडीएनवर, म्हणजे जागोजागी ठेवलेल्या सर्व्हरांवरून फाइल देणाऱ्या सेवेवर असेल तर डीएनएस बदलून बघ, कधीकधी त्यातला लांबचा सर्व्हर मिळालेला असतो.