चौकशीनंतरचं समारोपाचं पत्र

चौकशीत आमचा स्टोअरकीपर निर्दोष ठरला, पण कुजबुज चालूच आहे. त्याला पत्र कसं लिहू?

‘आरोप सिद्ध होऊ शकले नाहीत’ असं लिहू नका, त्यात संशय शिल्लक राहतो. अहवालाचा निष्कर्ष तसा असेल तर थेट लिहा: ‘साठ्यातील तफावत नोंदीच्या चुकीमुळे होती. आपल्यावरील आरोपात तथ्य आढळले नाही. प्रकरण बंद करण्यात आले असून निलंबनकाळ कर्तव्यकाळ धरून पूर्ण वेतन दिले जाईल.’

तक्रारदाराचं नाव नको. अफवांचा तर उल्लेखही नको; पत्र फाइलमध्ये वर्षानुवर्षं राहतं. ‘गोपनीयता राखण्याच्या सूचना संबंधितांना दिल्या आहेत’ एवढंच पुरे.

आणि त्याच दिवशी गोदामाच्या किल्ल्या सगळ्यांसमोर त्याच्या हाती द्या. माझ्या अनुभवात कुजबुज पत्रापेक्षा त्यानंच लवकर थांबते.