‘सुंदर ते ध्यान’: मुखदर्शन शेवटच्या चरणापर्यंत राखून ठेवा

प्रश्न: आमच्या भजनी मंडळाने ‘सुंदर ते ध्यान’ रेकॉर्ड केलाय, साधारण पाच मिनिटांचा. एकच कॅमेरा आहे आणि गावातल्या विठ्ठल मंदिरात चित्रीकरणाची परवानगी मिळालीय. प्रत्येक चरणाला काय दाखवावं?

उत्तर:

तुकोबांनी क्रम लावूनच दिलाय. वीट, कमरेवरचे हात, गळा आणि कास, मग कान आणि कंठ, आणि अगदी शेवटी ‘श्रीमुख’. म्हणून चौथ्या चरणापर्यंत देवाचा चेहरा दाखवायचा नाही, एवढा एकच नियम पाळा. पहिल्या दहा सेकंदांत पूर्ण मूर्ती दाखवली की पुढे दाखवायला काही उरत नाही. मग सूर्योदय, नदी, दिंडी असलं कुठलंही भरताड घालावं लागतं.

चित्रीकरणाआधी गाणं ऐकत कागदावर चार रकाने करा: वेळ, शब्द, दृश्य, सेकंद. गायक ‘सुंदर ते ध्यान’ तीनदा आळवून मग ‘कर कटावरी’वर येत असेल, तर हातांचं दृश्यही तेव्हाच यायला हवं. शब्दाआधी चित्र आलं की ते चुकल्यासारखं वाटतं.

सुरुवातीच्या आलापात (समजा ३५ सेकंद) मूर्ती नकोच. काकड्याच्या वेळचा अंधार, समईत तेल घालणारा हात, विटेवरून ओघळणारं अभिषेकाचं पाणी. ध्रुपदात पावलं आणि वीट, मग ‘कर कटावरी’ला फक्त कमरेवरचे हात.

खरी अडचण ध्रुपदाची, कारण ते प्रत्येक चरणानंतर परत येतं. तिथे सवयीने पूर्ण मूर्ती दाखवली जाते आणि सगळं फुकट जातं. दरवेळी पावलांवरच या, चौकटही तीच ठेवा, फक्त काहीतरी वाढू द्या: आधी नुसती पावलं, मग त्यांवर तुळशीचं पान, मग बुक्का, मग टेकलेलं एखादं कपाळ. कॅमेरा तिपाईवरून हलवू नका, जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा आणि ही सगळी दृश्यं एकापाठोपाठ एक, एकाच बैठकीत घ्या.

दुसऱ्या चरणाला मंजिऱ्या ओवणारी बोटं, मग गळ्यात पडणारा हार आणि कासेच्या पीतांबराच्या निऱ्या. तुळस दिव्यांच्या उष्णतेने लवकर माना टाकते, म्हणून सारखे दिसणारे दोन-तीन हार ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. एका दृश्यात ताजा आणि पुढच्यात कोमेजलेला हार लगेच डोळ्यांत भरतो. जरीचं बारीक विणकाम पडद्यावर लहरताना दिसलं तर कॅमेरा थोडा जवळ किंवा लांब घ्या. ‘आवडे निरंतर’ला दाखवण्याजोगी वस्तू नाही, तिथे ऐकणाऱ्या एखाद्या आजींचा चेहरा ठेवा.

तिसऱ्या चरणातला शब्द ‘तळपती’ आहे. कुंडलं तळपायला कॅमेरा नव्हे, दिवा हलायला हवा. बाकीचा उजेड कमी करा आणि एकाने निरांजन कानाच्या बाजूने हळू फिरवावं. चमचमते तारे संगणकावर मागाहून चिकटवू नका, फार स्वस्त दिसतं. कौस्तुभमण्यासाठी कंठाचं एक स्थिर दृश्य पुरे.

चौथ्या चरणात तुकोबांच्या वेषातला नट टाळा. ‘तुका म्हणे’ला तुमचा गायकच दिसू दे, पण ते चित्रीकरण करताना मूळ रेकॉर्डिंग मोठ्याने लावा, नाहीतर ओठ जुळणार नाहीत. ‘पाहीन’ हा भविष्यकाळ आहे, अजून दर्शन झालेलं नाही. म्हणून त्या शब्दावर पाहणाऱ्यांचे डोळे, आणि ‘श्रीमुख’ उच्चारताच मुख. ते सात-आठ सेकंद हलवू नका. शेवटच्या ध्रुपदात पहिल्यांदाच पूर्ण मूर्ती.

काळ्या पाषाणाचं तंत्र थोडं वेगळं आहे. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा काळा रंग उजळवतो, मूर्ती राखाडी दिसते आणि समईची ज्योत पांढरी फटक होते. एक्स्पोजर हाताने लावा आणि उजेड वाढवत नेताना ज्योतीचा पिवळेपणा जाण्याआधी थांबा. समोरून थेट दिवा मारला की तेल लावलेल्या दगडावर पांढरा ठिपका उमटतो, नाक-डोळे मात्र दिसत नाहीत. चकचकीत काळा दगड समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब दाखवतो, म्हणून त्याला मोठा, मऊ उजेड द्या: एका बाजूला पांढरी चादर ताणा आणि दिवा मूर्तीकडे न वळवता चादरीवर टाका.

फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने मंदिरातल्या ट्यूबलाइटचे पट्टे सहसा येत नाहीत. एलईडी माळा मात्र तरीही लुकलुकतात. आधी मिनिटभर चाचणी घ्या, आणि पट्टे दिसले तर माळा सरळ बंद करा.