उणे आलेले क्षेत्रफळ आणि शाखा बदलण्याचा प्रश्न

प्रश्न : मी नाशिकमध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असून माझी शाखा ई अँड टीसी आहे. पुढे अँटेनाच्या क्षेत्रात काम करण्याची इच्छा आहे. r = 1 + cos θ या कार्डिऑइडच्या आत पण r = 3 cos θ या वर्तुळाच्या बाहेर असलेले क्षेत्रफळ काढताना मी छेदनकोन π/3 काढला, वक्र π पर्यंत जातो म्हणून π/3 ते π या लिमिट्स घेतल्या आणि सममितीमुळे दुप्पट केली. उत्तर −2π आले. पुस्तकात π/4 आहे. तीनदा तपासले, इंटिग्रेशनमध्ये चूक सापडत नाही. बाबा म्हणतात, एवढे जमत नसेल तर शाखा बदलून घे. काय करू?

उत्तर : तुझे समाकलन खरोखरच बरोबर आहे. (1 + cos θ)² − 9 cos² θ चे तू 1 + 2 cos θ − 8 cos² θ केलेस, त्याचे समाकलन −3θ + 2 sin θ − 2 sin 2θ येते, आणि π/3 ते π या सीमा घातल्या की −2π हेच मिळते. दोष त्याआधीच्या पायरीत आहे, म्हणून तीनदा तपासूनही तो सापडला नाही. क्षेत्रफळ उणे असू शकत नाही, हे तर झालेच. पण चिन्ह सोडून नुसते 2π धरले तरी ते अख्ख्या कार्डिऑइडच्या क्षेत्रफळाहून, म्हणजे 3π/2 हून, मोठे होते. भाग संपूर्णापेक्षा मोठा निघाला, की आकडेमोड पुन्हा करत बसण्याऐवजी आकृतीकडे वळावे.

दोन वक्रांमधल्या क्षेत्रफळाचे सूत्र, ½∫(R² − r²) dθ, एका अटीवर चालते. ध्रुवापासून θ या दिशेने एक किरण काढला, तर तो आधी आतल्या वक्राला आणि नंतर बाहेरच्या वक्राला त्याच दिशेत भेटला पाहिजे. आता θ = 120° हा एकच किरण घेऊन पाहा. cos 120° = −0.5, म्हणून कार्डिऑइडवर r = 0.5 मिळते आणि तो बिंदू याच किरणावर पडतो. वर्तुळासाठी मात्र r = −1.5 येते. ऋण r चा अर्थ असा की बिंदू उलट दिशेला, म्हणजे 300° च्या किरणावर, ध्रुवापासून 1.5 अंतरावर आहे. तुझ्या 120° च्या किरणावर वर्तुळ मुळी नाहीच, तरीही सूत्रात तू त्याचा वर्ग वजा केलास, आणि वर्ग केल्याबरोबर उणे चिन्ह पुसले गेल्यामुळे गडबड झाल्याची खूण कागदावर उरली नाही.

हे अनुमान आकड्यांनीही पडताळता येते. θ जेव्हा π/2 पासून π पर्यंत जातो तेव्हा 3 cos θ सतत ऋण असते आणि वर्तुळाचा खालचा अर्धा भाग रेखला जातो. ½∫9 cos² θ dθ या सीमांमध्ये 9π/8 येते, म्हणजे नेमके अर्ध्या वर्तुळाचे क्षेत्रफळ. दुप्पट केल्यावर 9π/4 झाले. π/4 मधून 9π/4 वजा कर, तुझे −2π हुबेहूब मिळेल. अख्खे वर्तुळ तू जिथे नव्हते तिथून वजा केले होतेस.

आता सीमा कशा ठरवायच्या ते पाहू. 1 + cos θ = 3 cos θ वरून cos θ = ½, म्हणून θ = π/3 आणि −π/3. हे समीकरण फक्त एकाच θ ला एकाच ठिकाणी येणारे बिंदू शोधते. आकृतीत दोन्ही वक्र ध्रुवावरही भेटतात, पण वर्तुळ तिथे θ = π/2 ला पोहोचते आणि कार्डिऑइड θ = π ला, म्हणून तो बिंदू समीकरणातून कधीच बाहेर पडत नाही. यासाठी प्रत्येक वक्राचे r = 0 वेगळे सोडवण्याची सवय लावून घ्यावी, कारण त्यातून निघालेले कोन बऱ्याचदा सीमाच असतात. इथेही π/2 ही तुझ्याकडून राहून गेलेली सीमा आहे.

वरच्या अर्ध्या भागाचे म्हणून दोन तुकडे होतात. π/3 ते π/2 या पट्ट्यात किरण वर्तुळातून निघून कार्डिऑइडपर्यंत जातो, तेव्हा वर्गांची वजाबाकी योग्य आहे. तिथे ½(2 − π/2), म्हणजे 1 − π/4 मिळते. π/2 ते π मध्ये किरण ध्रुवापासून थेट कार्डिऑइडपर्यंत जातो आणि वजा करायला काही नसते. ½∫(1 + cos θ)² dθ चे उत्तर 3π/8 − 1 येते. दोन्हींची बेरीज π/8, आणि सममितीने दुप्पट केल्यावर π/4. उलट बाजूचा प्रश्न, म्हणजे वर्तुळाच्या आत आणि कार्डिऑइडच्या बाहेर, हा −π/3 ते π/3 या एकाच समाकलनात सुटतो आणि उत्तर π येते, कारण त्या पट्ट्यात दोन्ही r धन आहेत. वर्गात बहुधा हाच प्रकार आधी शिकवला जातो आणि मग सगळीकडे तीच रीत चालेल असे वाटू लागते. −π/3 ऐवजी 5π/3 लिहिण्याचा मोहही तिथे टाळावा, कारण π/3 ते 5π/3 असा प्रवास केला तर किरण आकृतीच्या भलत्याच बाजूने फिरतो.

आता शाखेविषयी. तुझ्या शाखेत हे वक्र पुन्हा भेटणार आहेत. कार्डिऑइड मायक्रोफोनची संवेदनशीलता दिशेनुसार 1 + cos θ च्या प्रमाणात बदलते, म्हणून आदर्श मायक्रोफोनला θ = 180° ला, म्हणजे नेमक्या मागून येणारा आवाज ऐकू येत नाही. आठच्या आकड्याच्या आकृतीचा मायक्रोफोन cos θ प्रमाणे चालतो, आणि मागच्या बाजूने cos θ ऋण होते याचा अर्थ तिथून आलेल्या आवाजाचा विद्युत संकेत उलट्या ध्रुवतेचा असतो. अँटेनाच्या आकृतीत सहसा केवळ परिमाण, म्हणजे |cos θ|, काढतात आणि दोन गोल पाकळ्या दिसतात; गणिताच्या वहीत r = cos θ काढले तर एकच वर्तुळ दोनदा रेखले जाते. म्हणजे आज ज्या उणे चिन्हाने तुला अडवले, ते चिन्ह कुठे ठेवायचे आणि कुठे सोडायचे हे तुझ्या कामात ठरवावे लागेल, आणि म्हणून ते आत्ताच पक्के करणे तुझ्या फायद्याचे आहे.

शाखा बदलण्याचा अर्ज या एका उत्तरावरून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलीला आपली पायरी न पायरी लिहून दाखवता येते आणि उत्तर पटत नाही म्हणून विचारावेसे वाटते, तिची अडचण शाखेची नाही. या आठवड्यात r = 1 + sin θ च्या आत आणि r = 3 sin θ च्या बाहेर असलेले क्षेत्रफळ आकृती काढून सोडव. ही तीच आकृती 90° फिरवलेली आहे, त्यामुळे उत्तर π/4 च यायला हवे. उजव्या अर्ध्या भागात −π/2 ते 0 पर्यंत फक्त कार्डिऑइड आणि 0 ते π/6 पर्यंत वजाबाकी, हे तुला स्वतःहून दिसले, तर वही बाबांसमोर ठेवून त्यांना −2π कुठून आले होते ते समजावून सांग. नाही दिसले, तर आकृतीसकट तुझ्या गणिताच्या शिक्षकांकडे जा आणि 120° च्या किरणावर बोट ठेवून तिथूनच विचारायला सुरुवात कर.